फाशी असावी की नसावी: १५ मार्कांच्या उत्तरात नेमकं काय लिहायचं?

देवपूर_अभ्यासिका
टेस्टमध्ये प्रश्न आला होता: ‘न्यायदानातली चूक फाशीनंतर दुरुस्त करता येत नाही; पण घोर गुन्ह्याला त्याच तोलाची शिक्षा हाही न्यायच. फाशीच्या शिक्षेची चर्चा करा.’ १५ मार्क, २५० शब्द. मी बाजूने पाच आणि विरोधात पाच मुद्दे लिहिले. सरांनी ५ मार्क दिले आणि शेरा मारला, ‘यादी आहे, युक्तिवाद नाही.’ मग लिहायचं तरी काय?

रावेरचा_केळीवाला
यात चर्चा कसली भो, सरळ लिही की असावी. लहान लहान पोरींना मारून टाकतात आणि आपण इथे मुद्दे मोजत बसायचे. आणि ते चूक चूक काय लावलंय सगळ्यांनी, सेशन कोर्टाने फाशी दिली तरी हायकोर्टाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती लागूच होत नाही, त्याच्यावर सुप्रीम कोर्ट, मग रिव्ह्यू, मग राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. पाच चाळण्यांमधून गाळलेलं धान्य आहे ते, त्यात खडा राहतो का? आणि फाशी नाही दिली तर जन्मठेप, म्हणजे चौदा वर्षं, चौदा वर्षांनी साहेब गावात परत येऊन पारावर बसतात.

नंदुरबार_फास्ट
कोर्टाच्या नादी लागूच नका, हैदराबादला २०१९ मध्ये केलं तसं जागेवर एन्काउंटर. विषय संपला.

पाचोरेकर_जिभाऊ
नंदुरबारवाले, प्रश्न शिक्षेचा आहे. खटला न चालवता मारलं तर त्याला शिक्षा म्हणत नाहीत, पेपरात हे लिहिलं तर शून्य. आणि त्या एन्काउंटरबद्दल सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या आयोगाने काय म्हटलं ते २०२२ मध्ये बाहेर आलंय, वाचून घ्या.

केळीवाले भाऊ, तुमची चाळणीची उपमा मला आवडली, तीच धरून बोलतो. मी जिल्हा कोर्टात फौजदारीच करतो, पंचवीस वर्षं होत आली. तर एक खटला ऐका, लांबचा नाही, आपल्या शेजारच्या नाशिकचा.

जून २००३. नाशिकजवळ बेलतगव्हाण शिवारात पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांना मारलं, बायकांवर अत्याचार झाले. अंगावर काटा येईल असा गुन्हा, त्यात दुमत नाहीच. जिवंत राहिले ते आई आणि एक मुलगा. पोलिसांनी सहा जण पकडले, भटक्या समाजातले, गरीब, मिळेल ती मजुरी करणारे. आता चाळण्या मोजा. पहिली, नाशिकचं सेशन कोर्ट, २००६, सहाही जणांना फाशी. दुसरी, हायकोर्ट, २००७, तिघांची फाशी कायम, तिघांना जन्मठेप. तिसरी, सुप्रीम कोर्ट, ३० एप्रिल २००९, आरोपींचं अपील फेटाळलं आणि सरकारचं मंजूर केलं, म्हणजे ज्या तिघांची फाशी हायकोर्टाने काढली होती त्यांनाही परत फाशी. चौथी, रिव्ह्यू, तोही फेटाळला, आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे तो न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये कागद फिरवून, वकिलाला तोंड उघडायची संधी न देता.

म्हणजे चाळणी बदलत गेली तसा खडा बाहेर पडायच्या ऐवजी आणखी घट्ट बसत गेला.

५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. फायदा संशयाचा वगैरे म्हणून नाही, तर तपासच खोटा ठरवून. वाचलेल्या त्या आईने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं म्हणजे हे सहा जण नव्हतेच. त्या चौघांचा तपास झाला नाही आणि तो कागद दाबला गेला. कोर्टाने प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला सांगितली, दोषी पोलिसांवर कारवाई करायला सांगितली. तोपर्यंत सोळा वर्षं गेली होती. आणि त्या सहातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे पण शिक्षा झाल्यावर, आत असतानाच ठरलं.

केसचं नाव अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र सरकार. हे एकच उदाहरण नीट मांडलं ना ताई, तरी दहा मुद्द्यांची यादी लागत नाही.

रावेरचा_केळीवाला
जिभाऊ मानलं, मला ही केस माहीत नव्हती. पण मग शेवटी खडा निघालाच ना? सुटलेच ना ते? सिस्टिम उशिरा चालली पण चालली. आणि दुसरं, सोळा वर्षं आत घालवली ती परत आली का? नाही आली. मग तुरुंगसुद्धा ‘दुरुस्त न होणारा’च झाला, तो पण बंद करायचा का? चुका होतात म्हणून कोणी एसटी बंद करत नाही.

पाचोरेकर_जिभाऊ
दुसरा मुद्दा तुमचा वजनदार आहे, आधी तोच घेतो. गेलेलं तारुण्य परत येत नाही हे शंभर टक्के खरं. पण जिवंत माणसाला निदान दार उघडून बाहेर काढता येतं, पैसे देता येतात, माफी मागता येते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्याच्या नावाने कोर्टात अर्ज टाकता येतो. फाशीनंतर अर्जदारच उरत नाही. सगळ्या शिक्षांमध्ये चूक होते, पण चूक शोधायचं काम कायमचं थांबवणारी शिक्षा ही एकच.

आता ‘सिस्टिम चालली’ म्हणता ते. कशी चालली ते बघा. २०१४ मध्ये दुसऱ्याच कैद्यांच्या याचिकेवर, मोहम्मद आरिफ केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने ठरवलं की फाशीच्या केसमधला रिव्ह्यू तीन न्यायाधीशांपुढे, खुल्या कोर्टात, वकिलाचं ऐकूनच चालवायचा. या दारातून नाशिकचे सहा जण परत आत शिरले आणि तेव्हा तो अल्बमचा कागद कोणीतरी शांतपणे वाचला. आता समजा २०१० मध्ये रिव्ह्यू फेटाळल्यावर लगेच दोर आवळला असता, तर? तुम्हीच तर नेहमी म्हणता लवकर लटकवा. हे सहा जण वाचले ते दिरंगाईमुळे.

आणि लवकर लटकवल्याचं उदाहरण पण आहे. राजस्थानचा रावजी. सुप्रीम कोर्टाचा निकाल डिसेंबर १९९५ चा, फाशी मे १९९६ मध्ये. त्या निकालात कोर्टाने म्हटलं होतं की शिक्षा ठरवताना गुन्हा बघायचा, गुन्हेगार नाही. हे १९८० च्या बचनसिंग निकालाच्या सरळ उलट, तिथे पाच न्यायाधीशांच्या पीठाने दोन्ही बघायला सांगितलंय. मे २००९ मध्ये बरियार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःच कबूल केलं की रावजीचा निकाल चुकीचा होता. तोवर रावजी जाऊन तेरा वर्षं झाली होती. इथे माणूस चुकीचा पकडला असं मी म्हणत नाही हां, शिक्षा ठरवायची पट्टी चुकीची होती. म्हणजे चूक दोन जागी होते, कोणी केलं यात, आणि केलं त्याला किती यात. टेस्टमधल्या उत्तरांमध्ये सगळे पहिलीच लिहितात.

तापीकाठ
ताई, एथिक्सचा अँगल पण घाल, मार्क तिथे असतात. सोपं टेबल कर: कांट फाशीच्या बाजूने कारण जशास तसं, आणि मिल वगैरे उपयुक्ततावादी विरोधात कारण फायदा नाही. दोन कॉलम, झालं.

अमळनेर_मॅडम
तापीकाठ, टेबल करू नकोस रे, तिथेच फसशील. कांटबद्दल बरोबर आहेस. मिलबद्दल सपशेल उलटं. जॉन स्टुअर्ट मिल १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये खासदार असताना खुनासाठी फाशी ठेवावी म्हणून बोलला होता. त्याचं म्हणणं असं की जन्मभर सक्तमजुरीत सडवणं हे खरं जास्त क्रूर, पण लोकांना ते तितकं भयंकर दिसत नाही, फाशी दिसते भयंकर आणि असते त्यापेक्षा सौम्य. आणि चूक होण्याचा मुद्दा त्याने टाळला नाही. निरपराधाला फाशी होण्याचा धोका त्याने मान्य केला, पण इंग्लंडमधली पुराव्याची पद्धत आरोपीला झुकतं माप देणारी आहे म्हणून तो धोका तिथे फार कमी, असं म्हटला. म्हणजे मिलचं समर्थन उभं आहे तेच तपास चांगला असतो या गृहीतावर. आता जिभाऊंच्या नाशिकच्या केसशेजारी ठेवून बघ.

आणि कांटबद्दल एक गोष्ट कोणी लिहीत नाही. तो म्हणतो बेटावरचा समाज उद्या विसर्जित होणार असला तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी फाशी द्या, मग पांगा. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या आधीची त्याची अट अशी की माणूस आधी दोषी ठरला पाहिजे, मगच त्याला शिक्षा केल्याने समाजाला काय मिळेल याचा विचार. दोषी नसलेल्याला समाजाच्या समाधानासाठी वापरणं हे कांटच्या हिशेबात सगळ्यात मोठं पाप. म्हणून मुली, तुझ्या प्रश्नातले दोन भाग एकमेकांसमोर उभे नाहीतच. ‘जसा गुन्हा तशी शिक्षा’ मनापासून मानणाऱ्यालाच चुकीच्या फाशीचा सगळ्यात जास्त त्रास व्हायला पाहिजे, कारण त्यात दोन अन्याय होतात, निर्दोष मेला आणि खरा गुन्हेगार मोकळा राहिला. नाशिकमध्ये ते चार फोटोवाले मोकळेच राहिले ना. सरांना ‘युक्तिवाद’ हवा होता तो बहुतेक हा.

शहाद्याची_ताई
मी परीक्षेची नाही, धागा दिसला म्हणून लिहितेय. तुम्ही सगळे आरोपीच्या बाजूने किती बारीक विचार करता. माझ्या भावाला विहिरीच्या मोटरीवरून मारलं, कुऱ्हाडीने, सकाळी सात वाजता, लोक बघत होते. जन्मठेप झाली. त्यातला एक लग्नासाठी पॅरोलवर आला होता तेव्हा बाजारात भाजीच्या गाडीवर माझ्या शेजारी उभा. मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होता. मी पिशवी तिथेच ठेवून घरी आले. मला कांट माहीत नाही पण माझा भाऊ मेथी निवडायला परत येणार नाही एवढं माहीत आहे. चूक दुरुस्त होत नाही म्हणता, आमच्यावर झालेलं कुठे दुरुस्त झालं?

पाचोरेकर_जिभाऊ
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि कोर्टात पण नसतं. तुमचं म्हणणं उत्तरात यायलाच पाहिजे, कारण शिक्षेची मागणी म्हणजे नुसता राग नसतो, माणसाच्या जिवाची किंमत समाजाने मान्य करावी ही मागणी असते. विरोधातली उत्तरं हे वाक्य लिहीतच नाहीत आणि म्हणून पोकळ वाटतात.

फक्त वर केळीवाल्यांनी जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं म्हटलं ते अर्धंच खरं आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षांच्या आत सरकारला सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. त्यानंतर सोडायचं की नाही हे सरकारच्या हातात. आणि २००८ पासून, स्वामी श्रद्धानंद निकालानंतर, फाशीच्या ऐवजी ‘मरेपर्यंत सूट नाही’ किंवा ठरावीक इतकी वर्षं सूट नाही अशी शिक्षा वरची कोर्टं देतात. जशास तसं म्हणणाऱ्यांना ही किती पुरेशी वाटते तो वेगळा वाद.

शहाद्याची_ताई
नाही वाटत पुरेशी.
पण एक सांगते, खोटं कशाला बोलू. निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या बाहेर आई वकिलाला विचारत होती, साहेब नक्की हेच होते ना सगळे, त्यातला तिसरा तर मागून आला होता म्हणतात. वकील म्हणाले मावशी आता चला.

साक्रीकर
आमच्याकडे बरेच जण म्हणायचे, कोर्टाने फाशी दिली नाही तर लोक कायदा हातात घेतील, म्हणून फाशी पाहिजे. १ जुलै २०१८ ला आमच्या तालुक्यात राईनपाड्याला लोकांनी घेतलाच हातात. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून व्हॉट्सअपवर फिरत होतं, आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेला आली होती, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारलं. कोणाचाच काही गुन्हा नव्हता. जमलेल्या प्रत्येकाला मात्र पक्की खात्री होती. तेव्हापासून ‘समाजाची सामूहिक भावना’ हे शब्द निकालात वाचले की मला तो बाजार आठवतो. नाशिकचे आरोपीही भटके, हे पण भटके, यात काही योगायोग आहे असं मला वाटत नाही.

रावेरचा_केळीवाला
साक्रीकर, जमाव आणि कोर्ट एका मापाने मोजू नका, कोर्टात वकील असतो, पुरावा असतो. बरं मी एक पाऊल मागे येतो. सगळ्यांना नको देऊ. जिथे शंकेला जागाच नाही तिथेच द्या, डीएनए जुळला, सीसीटीव्हीत दिसला, तिथे. कसाबला अख्ख्या जगाने पाहिलं होतं, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली, कोण म्हणतं तिथे माणूस चुकला? तिथे तुमचा हा दुरुस्तीचा मुद्दा चालतच नाही.

पाचोरेकर_जिभाऊ
बरोबर, नाही चालत. कसाबची फाशी नको म्हणायची असेल तर दुसरं काहीतरी कारण शोधावं लागेल, चूक होण्याचं कारण तिथे लागू पडत नाही, आणि उत्तरात हे प्रामाणिकपणे लिहिलं तर तपासणारा खूश होतो.

तुमचा मधला मार्ग सुप्रीम कोर्टानेही चाचपून बघितलाय. २०१४ च्या अशोक देबबर्मा केसमध्ये म्हटलं की दोषी ठरवण्यापुरता पुरावा असला तरी मनात थोडी शिल्लक शंका असेल तर फाशी देऊ नये. ऐकायला एकदम योग्य. पण आता हीच पट्टी घेऊन २००९ मध्ये जा. नाशिकच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाला तेव्हा तीळभर शंका नव्हती, म्हणून तर तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली. शंका ज्या कागदात होती तो कागदच दाबलेला. न्यायाधीशाची खात्री ही त्याच्यासमोर जे ठेवलं त्याचीच खात्री असते. म्हणजे ‘जिथे शंका नाही तिथेच द्या’ हा नियम नेमका त्या केसमध्ये फसतो जिथे त्याची गरज सगळ्यात जास्त असते. डीएनए म्हणाल तर नमुना कोणी घेतला, सील कोणी लावलं, लॅबला किती दिवसांनी पोचला, हे मी रोज उलटतपासात विचारतो आणि उत्तरं ऐकून कधी कधी मलाच घाम फुटतो.

लॉ कमिशनने २०१५ मध्ये २६२ व्या अहवालात फाशी बंद करा म्हटलं, फक्त दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून. मला ती सूट कधी पटली नाही. अक्षरधाम हल्ल्याच्या केसमध्ये तिघांना फाशी झाली होती, मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या सहा आरोपींना निर्दोष सोडलं. जिथे दबाव जास्त तिथेच तपास घाईचा होतो.

अमळनेर_मॅडम
इथे मी जिभाऊंशी पूर्ण सहमत नाही. या हिशेबाने कुठल्याच खात्रीला अर्थ राहत नाही आणि मग शहाद्याच्या ताईंच्या भावाला मारणाऱ्यांना जन्मठेप तरी कुठल्या तोंडाने देणार? मला वाटतं वाद खात्रीचा कमी आणि चूक कोणाच्या अंगावर पडते याचा जास्त आहे. चूक होणारच असेल तर ती सरकारने सोसावी की नाशिकच्या केसमधल्या त्या निर्दोष मजुराने. पण हे २५० शब्दांत बसणार नाही, तू लिहू नकोस.

देवपूर_अभ्यासिका
सगळ्यांचे आभार, आणि शहाद्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवला होता. नवीन मसुदा असा केलाय. पहिला परिच्छेद, शिक्षेची मागणी का न्याय्य आहे, कांट एका वाक्यात, आणि मेलेल्याच्या जिवाची किंमत. दुसरा, नाशिकची केस तारखांसह, चाळण्यांमधून चूक वाढत गेली हे. तिसरा, निर्दोषाला फाशी हे जशास तसं या तत्त्वाचंच उल्लंघन, मॅडमचा मुद्दा. चौथा, कसाबसारख्या केसला हा युक्तिवाद लागू नाही हे मान्य, पण शंका नसल्याची खात्री आतून तपासता येत नाही. शेवटी सूट नसलेली जन्मठेप हा पर्याय. मिल, रावजी आणि राईनपाडा काढून टाकलं, जागा नाही. २६२ शब्द होतायत. निष्कर्षात बाजू घ्यायची की नाही?

तापीकाठ
घ्यायची नाही, बॅलन्स ठेवायचा, मार्क कापतात.

रावेरचा_केळीवाला
घे की. माझी घेतली नाहीस तरी चालेल.

पाचोरेकर_जिभाऊ
घे. पण त्याआधी फोटो टाकलास त्या मसुद्यात दुसरा परिच्छेद बघ, हायकोर्टाने सहाही जणांची फाशी कायम केली असं लिहिलंयस. तिघांचीच. ते चुकलं तर अख्खा युक्तिवाद कोसळतो.